‘हेंचि’ मधला ‘चि’

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आजीच्या पहिल्या पुण्यतिथीच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग आणि तू केलेला इंग्रजी सारांश, दोन्ही पोचलं. आधी कीर्तन सलग ऐकलं, मग तुझी चार पानं वाचली, मग पुन्हा एकदा कीर्तन ऐकलं. टोरांटोला काकांकडे आणि लेस्टरला आत्याकडे पाठवण्याआधी मला दाखवलंस ते बरं झालं. तुझं इंग्रजी स्वच्छ आहे, त्यात मला काही करायचं नाही. पण पहिल्याच ओळीत एक शब्द चुकला आहे आणि पुढची चारही पानं त्या चुकीमागून गेली आहेत.

महाराजांनी तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ हा अभंग घेतला होता. तू ‘ध्यान’चं मेडिटेशन केलंस. शब्दकोशात तो अर्थ आहेच, पण इथे लागू नाही, कारण हे ध्यान विटेवर उभं आहे आणि त्याने हात कमरेवर ठेवलेत. ज्याच्यावर मन लावायचं ती मूर्ती, ते रूप, म्हणजे इथलं ध्यान. हा अर्थ तुलाही माहीत आहे, फक्त आठवला नाही. लहानपणी केस पिंजारून, चिखलात माखून घरी आलीस की आजी म्हणायची ना, ‘हे काय ध्यान!’ तेच ध्यान. आणखी एक खूण सांगते. या अभंगाचं ध्रुपद कुणी ‘आवडे निरंतर हेंचि ध्यान’ असं म्हणतात, कुणी ‘तेंचि रूप’ असं. दोन शब्द इतक्या सहज एकमेकांच्या जागी बसतात, कारण इथे त्यांचा अर्थ एकच आहे. इंग्रजीत फॉर्म हा शब्द घे.

आता त्या चुकीने पुढे काय केलं ते बघ. मेडिटेशन म्हटल्यावर तुझ्या सारांशात मन शांत करणं आलं, एकाग्रता आली, आणि तिसऱ्या पानावर तू लिहिलंस की विठ्ठलाचं ध्यान केल्याने सर्व सुख मिळतं. वाक्य वाचायला छान आहे, पण महाराज दोन तास नेमकं याच्या उलट सांगत होते. शेवटच्या चरणात तुकोबा म्हणतात, ‘माझें हेंचि सर्व सुख’. रेकॉर्डिंगमध्ये तासाभरानंतर महाराज या ‘हेंचि’वर थांबतात आणि जवळजवळ वीस मिनिटं हलत नाहीत. हे रूप पाहिल्याने पुढे कधीतरी सुख मिळेल, असं तुकोबा म्हणत नाहीत. हे पाहणं हेच सुख, सगळं सुख, यापलीकडे काही मिळवायचं उरलेलं नाही. म्हणून मुक्तीही नको. तू त्याचं साधन आणि फळ करून टाकलंस. इंग्रजीत सारांश करताना हे फार सहज होतं, कारण ‘हे केलं की ते मिळतं’ अशा वाक्यात मजकूर आटोपशीर बसतो.

आणि तो ‘चि’ केवढासा! इंग्रजीत त्याच्यासाठी वेगळा शब्द नाही, म्हणून तो सहज गळून पडतो. ‘धिस इज माय जॉय’ लिहिलंस तर अर्थ पातळ होतो. ‘धिस अलोन इज ऑल माय जॉय’ लिहिलंस तर ‘हेंचि’ही राहतं आणि ‘सर्व’ही. मग ‘पाहीन’. तिथे तू ‘पाहायची इच्छा आहे’ असं केलंस. ‘पाहीन’ हा निश्चय आहे. मी बघत राहीन, आणि आवडीने बघत राहीन.

म्हणून पहिलं काम हे, की कीर्तन कोणत्या शब्दावर उभं आहे तो शब्द शोधायचा. पहिल्यांदा ऐकताना हातात पेन धरू नकोस. दुसऱ्यांदा ऐकायच्या आधी अख्खा अभंग वहीत लिहून काढ, प्रत्येक चरणाखाली अर्धं पान मोकळं सोड, आणि महाराज ज्या चरणावर बोलतायत त्याखालीच टिपण कर. वारकरी कीर्तन दोन तास चाललं तरी त्या एका अभंगाला धरून चालतं. ते इकडेतिकडे जातात असं वाटतं तेव्हाही ते एखाद्या चरणाचंच काम करत असतात. वेळही लिहून ठेव. कोणत्या शब्दावर किती मिनिटं गेली ते बघितलंस की कीर्तनाचा मध्य आपोआप कळतो. तू दुसऱ्या चरणातल्या मकरकुंडलांना आणि कौस्तुभमण्याला अर्धं पान दिलंस. महाराजांनी त्यांना चार मिनिटं दिली होती. (तिथेही एक गंमत झाली आहे. ‘तळपती श्रवणीं’ मधलं श्रवण म्हणजे कान, कुंडलं कानांत चमकतात. तू ऐकणं केलंस.)

टिपण करताना समासात एक अक्षर लिहीत जा. महाराज स्वतःचं म्हणणं मांडत असतील तर ‘सि’, म्हणजे सिद्धांत. त्याच्या आधाराला दुसऱ्या संताचं किंवा संस्कृत वचन देत असतील तर ‘प्र’, प्रमाण. गोष्ट सांगत असतील तर ‘दृ’, दृष्टांत. सारांशात सिद्धांत सगळा यायला हवा. प्रमाणं एखाद-दुसरं पुरे. दृष्टांत एकच घे, आणि तो कशासाठी सांगितला ते त्याच वाक्यात लिही. तू तिन्ही गोष्टी घेतल्यास, म्हणून चार पानं झाली. टोरांटोची मुलं गोष्टी लक्षात ठेवतील आणि त्या कशाच्या होत्या हे विसरतील. एक पान, फार तर सवा पान, एवढ्यात हे कीर्तन नीट बसतं.

प्रमाणाच्या बाबतीत, कोण बोलतंय हे कधी पुसू नकोस. कमरेवरच्या हातांबद्दल महाराजांनी पांडुरंगाष्टकातली ओळ म्हटली, ‘प्रमाणं भवाब्धेरिदं मामकानां’. हे अष्टक परंपरेने शंकराचार्यांचं मानतात. भवसागर माझ्या भक्तांना एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, हे दाखवायला देवाने हात कमरेवर ठेवलेत, असा तिचा भाव. तुझ्या सारांशात हे तुकोबांच्या तोंडी गेलं आहे. तुकोबांनी या अभंगात हात कमरेवर आहेत एवढंच म्हटलं, अर्थ अष्टकातून आला, आणि दोन्ही एकत्र आणले महाराजांनी. तिघांची नावं तीन ठिकाणी राहू देत. हा अर्थ गाळू मात्र नकोस. इंग्रजीत नुसतं ‘हँड्स ऑन हिप्स’ लिहिलं तर वाचणाऱ्याला कुणीतरी रागावून किंवा कंटाळून उभं असल्यासारखं वाटतं. आपला विठोबा तर पुंडलिकाने दिलेल्या विटेवर वाट बघत उभा आहे. त्या एका वाक्याने चित्र सरळ होतं.

आता पूजेचे शब्द. सगळे इंग्रजीत करायचे की सगळे तसेच ठेवायचे, असा नियम मी करत नाही. इंग्रजी शब्द चुकीचं काही आत आणतो का, एवढं बघते. वीट, पिवळं रेशमी वस्त्र, कुंडलं यांचं भाषांतर बिनधोक कर. ‘मूर्ती’ला आयडल म्हणू नकोस. बायबलमुळे इंग्रजीत त्या शब्दाला खोट्या देवाचा वास आहे, आणि आत्याची सून तोच अर्थ ऐकत वाढली आहे. मूर्ती तसंच ठेव. ‘मुक्ती’ला साल्व्हेशन म्हटलंस की पापातून सुटका हा अर्थ येतो. इथे जन्ममरणातून सुटका आहे, तेवढे शब्द खर्च कर. ‘कीर्तन’ तसंच ठेव, पण पहिल्यांदा येईल तिथे सांग की एका अभंगावर उभं राहून, टाळ-मृदंगाच्या साथीने गात गात केलेलं हे निरूपण आहे. परदेशात योगवर्गांमुळे कीर्तन म्हणजे समोरच्याने म्हणायचं आणि आपण मागून म्हणायचं, एवढंच पुष्कळांना माहीत असतं.

‘नैवेद्य’ आणि ‘प्रसाद’ या दोघांना तू एकच नाव दिलंस, फूड ऑफरिंग. ताट एकच असलं तरी देवापुढे ठेवून, तुळशीचं पान घालून दाखवतात तोवर तो नैवेद्य. देवाने घेतला आणि उरलेलं आपल्या हातात आलं की प्रसाद. एक वर जातो, दुसरा खाली येतो. दोन्ही शब्द ठेव आणि हा फरक एकदाच, वाक्याच्या ओघात सांग. कंसात अर्थ देऊ नकोस. कंस आले की वाचणारा अडखळतो आणि पुढे ते वाचायचे सोडून देतो. आणखी एक, प्रत्येक नावाचं रोमन स्पेलिंग आधी ठरवून वेगळ्या कागदावर लिहून ठेव. तुझ्याकडे पांडुरंग कुठे शेवटी ए लावून आहे, कुठे न लावता, आणि आत्याच्या नातवाला ते दोन वेगळे देव वाटतील. आपण मराठीत शेवटचा अ म्हणत नाही, तेव्हा न लावताच लिही.

लिहून झालं की एक परीक्षा घे. तुझ्या कंपनीत मराठी न येणारी कुणी मैत्रीण असेल तर तिला ते पान वाचायला दे, मग कागद काढून घे आणि विचार, या माणसाला शेवटी काय हवं आहे? ‘मनःशांती’ असं उत्तर आलं तर अजून चुकतंय. ‘त्याला फक्त देवाकडे बघत राहायचं आहे’ असं म्हणाली की पाठव.

शेवटची एक गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठी. शेवटच्या चरणाच्या निरूपणात महाराज तुझ्या आजीबद्दल बोलले. तू ते घरगुती म्हणून गाळलंस, देणगीदारांच्या आणि आभारांच्या बरोबरीने. देणगीदार गेले ते ठीक. पण महाराज काय म्हणाले ते पुन्हा ऐक. शेवटच्या वारीला आजींना पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहवेना. मुलं म्हणाली, इतक्या लांब येऊन पायावर डोकं ठेवल्याशिवाय कसं जायचं? आजी म्हणाल्या, मला मुखदर्शन पुरे. लांबून बघितलं आणि परत आल्या. एवढं सांगून महाराजांनी लगेच ‘पाहीन श्रीमुख आवडीनें’ गायला घेतलं. हा अभंग त्यांनी का निवडला ते तिथे कळतं. श्रीमुख आणि मुखदर्शन यांतला ‘मुख’ एकच आहे, हे इंग्रजी वाचणाऱ्याला तू सांगितल्याशिवाय कळणार नाही. ‘दर्शन’ हा शब्द तसाच ठेव, पण ‘व्हिजिटेड द टेम्पल’ नको. मंदिरात जाणं निराळं आणि देवाला बघणं, त्याने आपल्याला बघणं निराळं. पायांना हात लावायची एक रांग आणि नुसतं मुख पाहायची दुसरी, असं पंढरपुरात असतं, हेही एका वाक्यात सांग.

रेकॉर्डिंगमधली ती दोन-अडीच मिनिटं आजींच्या नावापासून गाणं संपेपर्यंत वेगळी कापून घे आणि पानासोबत पाठव. तिथे मागे कुणीतरी बाई रडताना ऐकू येते. बहुधा तुझी आई आहे. ते काढू नकोस.

नवं पान झालं की मला पाठव.

तुझ्या,
इंग्रजीच्या बाई