५८ तासांची बेरीज कुठे चुकली?

प्रश्न: नागपुरात एका अनुदानित कॉलेजात कॉमर्सची असिस्टंट प्रोफेसर आहे. आठवड्याची बेरीज केली: लेक्चर २०, तयारी २०, सुपरव्हिजन १२, बाकी ड्युट्या ६, एकूण ५८ तास. नियम ४० चा आहे. प्राचार्य म्हणतात, "मॅडम, तुमचा वर्कलोड बरोबर १६ आहे, एक मिनिटही जास्त नाही." आमच्या दोघांत खरं कोण?

उत्तर: प्राचार्य बरोबर आहेत, आणि तुम्हीही पूर्ण चुकलेल्या नाही. ते एक आकडा मोजताहेत, तुम्ही दुसरा. मी याच शहरात कॉमर्स शिकवलं आणि बरीच वर्षं कॉलेजचं टाइमटेबल माझ्याच गळ्यात होतं. अशीच एक जाडजूड बेरीज घेऊन मीही एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले होते. सरांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "यातला कोणता आठवडा?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न तुमच्या बेरजेलाही लागू आहे, पण त्याकडे नंतर येते.

आधी नियम. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत दोन आकडे आहेत. पूर्णवेळ शिक्षकाचं एकूण काम वर्षातल्या ३० आठवड्यांत, म्हणजे १८० अध्यापन दिवसांत, आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावं. त्यातलं प्रत्यक्ष अध्यापन असिस्टंट प्रोफेसरला १६ तास, असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसरला १४ तास. कॉलेजात रोज किमान ५ तास हजर राहायचं, ही अट वेगळी. १६ तास हे ४० च्या पोटात आहेत, ४० च्या वर नाहीत. आणि एक शब्द घाईत सुटतो: "कमी नसावं". ४० ही किमान मर्यादा आहे, कमाल नाही. त्यामुळे "माझे ५८ झाले, नियम मोडला" हे वाक्य कागदावर टिकत नाही. मला हे कळलं तेव्हा फार राग आला होता, पण वाक्य तसंच आहे.

प्राचार्य १६ लाच का धरून बसतात? कारण कॉलेजचा खरा हिशेब तिथेच होतो. विषयात किती पदं लागतात, कोण अतिरिक्त ठरतो, तासिका तत्त्वावर किती जण घ्यायचे, हे सगळं पिरियडच्या आकड्यावर ठरतं. तुमची तयारी आणि सुपरव्हिजन त्या तक्त्यात कुठेच येत नाही. तुमचे १६ भरले की त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

आता तुमची बेरीज एकेक करून बघू. पहिला आकडा, लेक्चर २०. तुमचा पिरियड किती मिनिटांचा आहे? आमच्या कॉलेजात ४८ मिनिटांचा होता, आणि प्राचार्यांच्या "बरोबर १६" वरून तुमच्याकडेही तसाच असणार. २० गुणिले ४८ म्हणजे ९६० मिनिटं, म्हणजे नेमके १६ तास. तुम्ही पिरियडला तास म्हटलं आणि इथेच ४ तास फुगले. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, कारण आपण बोलताना पिरियडलाही "तास"च म्हणतो.

दुसरा आकडा, तयारी २०. एका लेक्चरला एक तास तयारी, असा सरसकट भाव तुम्ही लावलेला दिसतो. तयारीला किती तास धरायचे हे विनियमांत ठरवून दिलेलं नाही, म्हणून हा आकडा तुमचा तुम्हालाच मोजावा लागेल, आणि मोजताना स्वतःशी खोटं बोलायचं नाही. तुमचे पेपर कोणते ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून माझं एका सत्राचं टाइमटेबल घेते. पिरियड तेवढेच, २०.

बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला कॉस्ट अकाउंटिंग, दोन तुकड्या, प्रत्येकीला ६ पिरियड. तिसऱ्या वर्षाला नव्या अभ्यासक्रमातला एक पेपर, ४ पिरियड. एम.कॉम.ला ४ पिरियड. कॉस्टिंग मी वर्षानुवर्षं शिकवत होते. उदाहरणं निवडायला आणि एकदा सोडवून बघायला पिरियडमागे २० मिनिटं पुरायची, म्हणजे ६ पिरियडना २ तास. 'ब' तुकडीला तेच पुन्हा, म्हणून तिथे ५ मिनिटांप्रमाणे अर्धा तास. तिसऱ्या वर्षाच्या नव्या पेपरला पुस्तकं धड आलेली नव्हती, स्वतः नोट्स काढायच्या होत्या. तिथे पिरियडमागे सव्वा तास जायचा, म्हणजे ५ तास. एम.कॉम.ला एका पिरियडला एक तास, ४ तास. सगळे मिळून साडेअकरा.

बघा, २० लेक्चरांना २० तास नाही, साडेअकरा. आणि त्यातले ५ तास एकट्या नव्या पेपरने खाल्ले. तयारी पिरियडच्या संख्येवर चालत नाही, वेगवेगळे पेपर किती आणि त्यातले नवे किती यावर चालते. एकाच पेपरच्या पाच तुकड्या शिकवणारा आणि चार वेगळे पेपर शिकवणारा, दोघांचे पिरियड २० असले तरी एकाची संध्याकाळ मोकळी असते आणि दुसऱ्याची नसते. माझं मत विचाराल तर टाइमटेबलमधला खरा अन्याय इथे असतो, आणि तो १६ च्या आकड्यात कधीच दिसत नाही.

ही तयारी घरी झाली तरी मोजायची का? माझ्या वाचण्याप्रमाणे हो. रोज ५ तास आणि सहा दिवस धरले तर हजेरी ३० तासांची होते. ४० मधले उरलेले १० तास मग कुठे जाणार? घरी टेबलाशी बसून केलेलं कामच त्यात बसतं.

तुम्ही एक गोष्ट तर मोजलीच नाही: अंतर्गत मूल्यमापन. माझ्याकडे कॉस्टिंगच्या दोन तुकड्या मिळून १२० मुलं होती. सत्रात प्रत्येकाचे दोन असाइनमेंट, एकाला ६ मिनिटं. २४० गुणिले ६ म्हणजे २४ तास, ते १५ आठवड्यांवर पसरले की आठवड्याला १ तास ३६ मिनिटं. हे काम शेवटच्या पंधरवड्यात अंगावर येतं म्हणून आपण ते विसरतो.

बाकी ड्युट्यांचे तुमचे ६ मी तसेच ठेवते. माझेही जवळपास तेवढेच होते: मेंटॉरिंगला २, नॅकच्या फायलींना ३, हजेरीच्या नोंदी आणि मीटिंगा मिळून १.

तर साध्या आठवड्याची बेरीज अशी: लेक्चर १६, तयारी साडेअकरा, असाइनमेंट १ तास ३६ मिनिटं, ड्युट्या ६. एकूण ३५ तास ६ मिनिटं. चाळिशीच्या आतच. हे मला स्वतःलाही आवडलं नव्हतं.

आता राहिलं सुपरव्हिजन, म्हणजे सरांचा तो प्रश्न. विनियमांत सहा दिवसांच्या आठवड्याच्या कॉलेजचं वर्ष असं वाटलंय: अध्यापन ३० आठवडे, प्रवेश आणि परीक्षा १० आठवडे, सुट्ट्या १०, सार्वजनिक सुट्ट्या २. तीन तासांचा पेपर, अर्धा तास आधी जाऊन उत्तरपत्रिका आणि सह्यांचे कागद ताब्यात घेणं, शेवटी गठ्ठा मोजून देणं, असे एका ड्युटीचे ४ तास धरायला हरकत नाही. पण जेव्हा पूर्ण कॉलेज हिवाळी किंवा उन्हाळी परीक्षेत असतं, तेव्हा लेक्चर नसतात, लेक्चरची तयारीही नसते. त्या आठवड्यात पाच ड्युट्यांचे २० तास आणि जोडीला पेपर तपासणी असेल, पण तो वेगळा आठवडा. तुम्ही परीक्षेच्या आठवड्यातलं सुपरव्हिजन उचलून शिकवण्याच्या आठवड्यावर ठेवलंत. ५८ तासांचा तो आठवडा कॅलेंडरमध्ये कुठेच नाही.

अपवाद एकच, आणि तुमची बाजू तिथेच आहे. वेगवेगळ्या वर्षांच्या परीक्षा आणि बॅकलॉगचे पेपर आता इतके लांबतात की एका वर्गाची परीक्षा चालू आणि दुसऱ्याचे वर्ग चालू, असे आठवडे येतातच. अशा आठवड्यात तीन ड्युट्या लागल्या तर १२ तास वाढतात. मात्र ड्युटीवर असताना तुमचे पिरियड बुडतात, तेही वजा करायला हवेत. माझे अशा एका आठवड्यात ६ पिरियड बुडाले होते, म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. ३५ तास ६ मिनिटं, अधिक १२, वजा ४ तास ४८ मिनिटं: ४२ तास १८ मिनिटं. हा आकडा कुणीही तपासावा, टिकतो. शिवाय बुडालेले ६ पिरियड संपत नाहीत. पोर्शन पुरा करायला ते पुढे घ्यावेच लागतात, म्हणजे ते ओझं पुढच्या आठवड्यावर गेलं.

समोरून एक मुद्दा येईलच, तयार राहा: "विद्यापीठ सुपरव्हिजनचं मानधन देतं, मग ते वर्कलोडमध्ये कसं?" यावर पैशांची चर्चा करत बसू नका. तुमचा मुद्दा बुडालेल्या पिरियडचा ठेवा. पदोन्नतीच्या कॅसच्या मूल्यांकनात नेमून दिलेल्यापैकी किती टक्के वर्ग घेतले ते पाहतात: ८० आणि वर असले तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक', ७० च्या खाली गेले तर 'असमाधानकारक'. सत्रात २० गुणिले १५ म्हणजे ३०० पिरियड. असे तीन आठवडे आले आणि दर वेळी ६ बुडाले, तर १८, म्हणजे ६ टक्के. एवढ्याने कुणी बुडत नाही, पण वर निवडणुकीची ड्युटी, एखादा रिफ्रेशर आणि आजारपण आलं की माणूस ८० च्या काठावर येतो. परीक्षेचं काम मात्र त्याच मूल्यांकनात उपक्रम म्हणून धरलं जातं, तेव्हा ड्युटीचे आदेश फाइलला लावत चला.

म्हणून ५८ चा कागद फाडा. दोन सत्रांतले फक्त असे मिसळलेले आठवडे तारखेसह लिहा: कोणती ड्युटी, किती ते किती, कोणते पिरियड गेले, ते परत कधी घेतले. त्याला विभागातल्या सगळ्यांची ड्युटी यादी जोडा. आमच्याकडे यादी आडनावाच्या अक्षराने फिरायची, टाइमटेबल कुणी बघतच नव्हतं. माझे सोमवारी पाच पिरियड आणि गुरुवारी दोन, तरी ड्युटी सोमवारीच पडायची. मी एवढंच मागितलं की शक्य तिथे माझी ड्युटी गुरुवारी लावा. सरांनी परीक्षा विभागाच्या बाबूंना बोलावलं, त्यांनी पेन्सिलने तीन नावं इकडची तिकडे केली, आणि पुढच्या सत्रात माझे ६ ऐवजी २ पिरियड बुडाले.