पहिल्याच मेलमध्ये नऊ पानांची पीडीएफ? : वाचकांची प्रश्नोत्तरे

अनोळखी कंपनीला पाठवलेल्या पहिल्या मेलसोबत केस स्टडी जोडली तर चालेल का?

नाही.

आमची केस स्टडी नऊ पानांची आहे. त्यातून चार वाक्यांची गोष्ट काढायची, तर नेमकं काय उचलायचं?

हा घोळ इतक्या पत्रांतून येतो की एकदा सविस्तरच लिहितो. बहुतेक जण केस स्टडीचा सारांश करतात आणि तिथेच फसतात. सारांशात नऊ पानांतलं सगळं थोडं थोडं येतं. गोष्टीत एकच अडचण येते, पण ती दिसते.

समजा, तुम्ही वितरकांना परतीच्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर विकता. केस स्टडीची पहिली चार पानं ग्राहकाचा इतिहास आणि तुमच्या सॉफ्टवेअरची वैशिष्ट्यं यांत गेली आहेत. पाचव्या पानावर कुठेतरी एक ओळ आहे : दुकानदारांना क्रेडिट नोट उशिरा मिळत असे. ती ओळ उचला, बाकीचं राहू द्या. मेल असा होईल :

"नमस्कार. तुमचं चौथं गोदाम सुरू झाल्याचं तुमच्या वेबसाइटवर वाचलं. आमच्या एका ग्राहकाचीही चार गोदामं आहेत. परत आलेला माल गोदामात एका वहीत आणि हिशेब विभागात दुसऱ्या फाइलमध्ये लिहिला जायचा, त्यामुळे दुकानदाराला क्रेडिट नोट मिळायला सरासरी 19 दिवस लागत. आता माल उतरवतानाच मोबाइलवर एकदाच नोंद होते. तिसऱ्या महिन्यात 19 चे 6 दिवस झाले. तुमच्याकडे परतीच्या मालाची नोंद एकाच ठिकाणी होते का?"

यात सॉफ्टवेअरचं नाव नाही, कारण वाचणाऱ्याला ते अजून नकोच आहे. "68 टक्के सुधारणा" असंही लिहिलेलं नाही. टक्का कशाचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. 19 दिवस म्हणजे काय, हे त्याला चांगलं कळतं, कारण त्याच्याकडेही दुकानदारांचे फोन येतात. शेवटचा प्रश्न एका ओळीत उत्तर देता येईल असा आहे. अर्ध्या तासाची मीटिंग मागितली असती, तर अनोळखी माणसाने अर्धा तास का द्यावा?

पाठवण्यापूर्वी निकालाचं वाक्य हाताने झाका आणि उरलेलं वाचा. "हे आमच्याकडेही होतं," असं समोरच्याला वाटेल, तर गोष्ट बरोबर निवडली आहे. नाही वाटलं, तर 6 दिवसांचा आकडा तिला वाचवणार नाही. एकच गोदाम असलेल्याला ही गोष्ट पाठवूच नका. त्याच्यासाठी दुसरा ग्राहक शोधा. आणि कोणती ओळ उचलायची हे एकट्याने ठरवू नका. त्या ग्राहकाचं काम रोज बघणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला विचारा. केस स्टडी लिहिणाऱ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

सब्जेक्ट लाइनमध्ये निकालाचा आकडा टाकावा का?

टाकू नका, ती जाहिरात वाटते. "परतीच्या मालाची नोंद" एवढं पुरे.

आम्ही ग्राहकाचं नाव लिहितच नाही. मग त्याची परवानगी कशाला?

याच समजुतीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. नाव नसलं म्हणजे ओळख लपली, असं होत नाही. "चार गोदामं, अमुक माल, तमुक वर्षी बदल" एवढं वाचून त्याच धंद्यातला माणूस क्षणात ओळखतो. आणि तुम्ही मेल पाठवताय तो माणूस त्याच धंद्यातला आहे, म्हणूनच तर ही गोष्ट निवडली!

माझ्याकडून हे एकदा घडलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कंपनीसाठी असाच बिननावाचा मेल लिहिला. तो ज्याला गेला, तो त्या ग्राहकाचा थेट स्पर्धक निघाला. त्याने ग्राहक ओळखला आणि मेल इतरांना दाखवला. दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला : आमच्याकडे माल परत येऊन पडून राहायचा, हे बाजाराला सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं? त्याचा करार पुढे वाढला नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

वेबसाइटवर केस स्टडी छापायला दिलेली परवानगी इथे पुरत नाही. तिथे ग्राहकाने स्वतःची नऊ पानं तपासलेली असतात. इथे तुम्ही त्यातला सर्वांत दुखरा भाग उचलून त्याच्या स्पर्धकाला पाठवता. म्हणून मेलमधली नेमकी तीन-चार वाक्यं ग्राहकाला पाठवा आणि लेखी विचारा : आकडे बरोबर आहेत का, हे कोणाला पाठवलेलं चालेल, कोणाला अजिबात नाही? गोदाम सांभाळणारा तुमचा परिचित "हो" म्हणाला, तरी असा होकार देण्याचा अधिकार त्याला आहे का, ते बघा. करारात गोपनीयतेचं कलम असेल, तर आधी वकिलाला दाखवा.

दोन ग्राहकांच्या हकिकती जोडून एक "ग्राहक" तयार करण्याबद्दलही अनेक जण विचारतात. ते खोटं आहे. समोरचा "त्यांच्याशी बोलता येईल का?" असं विचारेल, तेव्हा कोणाचा नंबर द्याल? तसंच, त्या तीन महिन्यांत ग्राहकाने हिशेब विभागात दोन माणसं वाढवली असतील, तर 6 दिवसांचं सगळं श्रेय तुमचं नाही. तेही लिहा, नाहीतर दुसरा आकडा निवडा.

एका कोर्समध्ये ऐकलं की गोष्टीचा तयार साचा वापरला की उत्तरं तिप्पट येतात. खरं आहे का?

तुमची यादी न पाहता तिप्पट सांगणारा माणूस साचा विकतो आहे. मेल किती जणांनी उघडला, याचे आकडेही पुरावा म्हणून घेऊ नका. 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमधली गोपनीयतेची सोय मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेते. चित्र उतरलं की मेल उघडला असं मोजलं जातं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. उत्तरं मोजा, "नको" म्हणणारीही. एकच यादी चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन भागांत वाटा. एका भागाला गोष्टीसह मेल पाठवा, दुसऱ्याला गोष्टीशिवाय. प्रत्येक भागात 20 नावं असतील, तर एक-दोन उत्तरांच्या फरकावरून काही ठरवू नका.

मग पूर्ण केस स्टडी कधी पाठवायची?

समोरच्याने "हे कसं केलं?" असं विचारल्यावर, आणि त्यात कोणतं पान बघायचं तेही सांगा.

तीन महिन्यांत 400 मेल पाठवले, सोबत पीडीएफ होती. एकही उत्तर नाही. अजून थोडं थांबावं का?

तीन महिने थांबलात हेच चुकलं. आजच पाठवणं बंद करा. 400 पैकी शून्य उत्तरं आली, म्हणजे मेल पोचत नसावेत असा पहिला संशय घ्या. अनोळखी पत्त्यावरून फाइल आली की अनेक कंपन्यांची सुरक्षा यंत्रणा मेल बाजूला काढते, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

तोच मेल स्वतःच्या जीमेल पत्त्यावर पाठवा, संगणकावर उघडा आणि मेलच्या मेनूतलं `Show original` निवडा. मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला का, हे बघणाऱ्या तीन तपासण्या तिथे दिसतात : `SPF`, `DKIM` आणि `DMARC`. या तिन्हींसमोर `PASS` दिसायला हवं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. यातलं काही नापास असेल, तर इकडचं-तिकडचं वाचून स्वतः दुरुस्ती करू नका. तुमचं डोमेन सांभाळणाऱ्या माणसाला आजच दाखवा. परदेशातले पत्ते असतील, तर तिथल्या कायद्यात असे मेल बसतात का, हे वकिलाला विचारा. अमेरिकेचे आणि युरोपातले नियम सारखे नाहीत.

तिन्ही पास असतील, तरी मेल पोचतोच असं नाही. दोन-तीन कंपन्यांतल्या ओळखीच्यांना तोच मेल पाठवून तो कुठे पडला ते विचारा. पोचत असेल, तर यादीतली पहिली दहा नावं आणि तुमची गोष्ट शेजारी ठेवा, आणि त्या धंद्यातल्या एखाद्या जुन्या ग्राहकाला विचारा, यातल्या कोणाची ही अडचण आहे.