दोन रुपये परत येतील, पण ओटीपीने दिलेली परवानगी?

प्रश्न: मी मुलुंडला राहते. ३ तारखेला मुलाच्या अभ्यासासाठी एका अॅपची ७ दिवसांची फ्री ट्रायल घेतली. डेबिट कार्ड जोडलं, ओटीपी टाकला आणि लगेच २ रुपये कापल्याचा मेसेज आला. आज ६ तारीख, पैसे परत नाहीत. मोफत सांगून पैसे घेणं ही फसवणूक नाही का? पोलिसांत तक्रार करू का?

उत्तर: ताई, या दोन रुपयांसाठी पोलिसांत जाऊ नका. तुमचं लक्ष १० तारखेवर हवं. ते का, हे सांगण्याआधी दोन रुपयांचा हिशेब मिटवू.

कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी दुकानदार बँकेला विचारतो, "हे कार्ड चालू आहे का, एवढी रक्कम निघेल का?" बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम अडवून ठेवते. याला होल्ड म्हणतात. मग दुकानदार खरी मागणी पाठवतो, तेव्हाच पैसे त्याच्याकडे जातात. ट्रायलच्या वेळी कंपनीला फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं: कार्ड खरं आहे ना, ज्याचं आहे तोच जोडतोय ना. त्यामुळे ती दुसरी मागणी पाठवतच नाही. एक तर व्यवहार रद्द झाल्याचं लगेच कळवते, नाहीतर मुदत संपली की होल्ड आपोआप सुटतो. क्रेडिट कार्डावर ही नोंद बहुधा गुपचूप नाहीशी होते. डेबिट कार्डावर मात्र खात्यातली शिल्लक खरोखर कमी दिसते, म्हणून माणूस घाबरतो. काही कंपन्या रक्कम आधी प्रत्यक्ष घेतात आणि मग रिफंड करतात. तसं असेल तर पासबुकात दोन वेगळ्या नोंदी दिसतील. साधारण आठवडाभरात पैसे यायला हवेत. नाही आले तर मेसेजमधला व्यवहार क्रमांक देऊन बँकेत विचारा.

ओटीपी तुम्ही स्वतः टाकला आहे, म्हणून कायद्याच्या नजरेत हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. कुठलीही ट्रायल न घेता, ओटीपीही न देता असे एक-दोन रुपये गेले असते, तर माझं उत्तर उलटं असतं. चोरलेलं कार्ड चालतं का, हे चोरही छोट्या रकमेनेच तपासतात. तेव्हा कार्ड ताबडतोब ब्लॉक करायचं आणि ३ कामकाजी दिवसांच्या आत बँकेला कळवायचं. चूक ना तुमची ना बँकेची, असं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे नुकसान तुमच्यावर येत नाही.

आता १० तारीख, म्हणजे तुमची ट्रायल संपण्याचा दिवस. तो ओटीपी बहुधा फक्त दोन रुपयांचा नव्हता. त्याच स्क्रीनवर पुढच्या वर्गणीची परवानगी, म्हणजे ई-मँडेट, नोंदवली जाते. समजा वर्षाची वर्गणी १,४९९ रुपये आहे. नोंदवलेल्या मँडेटवर १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही, म्हणून ती रक्कम तुम्हाला न विचारता जाईल. दोन रुपये परत आले म्हणून मँडेट रद्द होत नाही, आणि अॅप काढून टाकल्यानेही होत नाही.

गेल्या वर्षी दादरचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. रुपया परत आल्याचा मेसेज त्यांनी जपून ठेवला होता आणि विषय संपला असं समजून अॅप पुसून टाकलं होतं. वर्षाची वर्गणी गेली तेव्हा ते बँकेशी भांडले. बँकेने आदल्या दिवशीचा ई-मेल दाखवला. तो त्यांनी उघडलाच नव्हता. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी रक्कम, तारीख आणि कंपनीचं नाव कळवणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि ते तिने केलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण त्या ई-मेलमध्येच नकार देण्याची सोय होती.

म्हणून आजच दोन्हीकडे रद्द करा: अॅपच्या सेटिंगमध्ये वर्गणी, आणि बँकेच्या अॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये त्या कार्डावरचं मँडेट. बँक त्यासाठी ओटीपी मागेल, पण शुल्क घेऊ शकत नाही. दोन्ही स्क्रीनशॉट ठेवा. त्यानंतरही पैसे कापले गेले तर बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं.

तुमचा राग मात्र अगदी बिनबुडाचा नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२३ मध्ये आलेल्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या स्क्रीन-रचनांच्या, मार्गदर्शक सूचनांत, मोफत वर्गणीसाठी कार्डाचा तपशील किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हा वर्गणीच्या सापळ्याचा एक प्रकार म्हणून नोंदवला आहे. ही तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. कार्ड मागणाऱ्या पानाचा फोटो असेल तर तोही जोडा.