रॅम्प आणि स्वच्छतागृहासाठी मुख्याध्यापकांना पत्र : एका आईचा अनुभव

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे आणि तिला व्हीलचेअर लागते. शाळेला रॅम्प नाही आणि स्वच्छतागृहात तिची खुर्ची जात नाही. मुख्याध्यापकांना पत्र लिहायचे आहे, पण ते नाराज झाले तर "दाखला घेऊन जा" म्हणतील, अशी भीती वाटते. पत्रात काय लिहू?

आधी भीतीविषयी लिहितो. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. योगायोगाने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचेही कलम १६च आपल्या कामाचे आहे. शासनमान्य आणि अनुदानित शाळांनी इमारत व सुविधा दिव्यांग मुलांना वापरता येतील अशा कराव्यात, असे ते सांगते. या दोन कलमांचा पत्रात एकदा, एका वाक्यात उल्लेख पुरेसा आहे. बाकीच्या जागेत काय लिहावे, हे सांगण्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून मांडतो.

ही मुलगी आठ वर्षांची, जन्मतः मणक्याचा दोष असलेली, तालुक्याच्या गावातील अनुदानित शाळेत शिकणारी. पायांत बळ नव्हते आणि लघवीवर नैसर्गिक नियंत्रण नव्हते, त्यामुळे दर चार तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागे. आई रोज दुपारच्या सुट्टीत शाळेत येऊन तिला उचलून नेत असे. ज्या दिवशी आईला यायला जमणार नसे, त्या दिवशी मुलगी सकाळपासून पाणीच पीत नसे. तिला वरचेवर मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ लागला. असा संसर्ग वारंवार झाला तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, असे डॉक्टरांनी बजावल्यावर हे पालक माझ्याकडे आले.

त्यांनी पत्राचे दोन मसुदे आणले होते. आईच्या मसुद्यात मुलीच्या शस्त्रक्रिया, घरची ओढाताण आणि "कृपा करावी" अशी विनवणी होती. एका नातेवाइकाच्या मसुद्यात कायद्याची कलमे होती आणि न्यायालयात खेचण्याचा इशारा होता. नेमके काय, कोठे आणि किती मापाचे बांधायचे, हे दोन्ही मसुद्यांत नव्हते. मुख्याध्यापक बहुधा स्वतः खर्च मंजूर करू शकत नाहीत. त्यांना संस्थेच्या कार्यकारिणीकडे, आणि जिल्हा परिषदेची शाळा असेल तर समग्र शिक्षा योजनेतील तरतुदीसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. आपले पत्र त्या प्रस्तावाला जोडता येईल असे असले की त्यांचे अर्धे काम होते. म्हणून मी या पालकांना आधी मोजपट्टी घेऊन शाळेत जायला सांगितले.

प्रवेशद्वारासमोर तीन पायऱ्या होत्या, प्रत्येकी १५ सेंटीमीटर उंचीच्या, म्हणजे एकूण चढ ४५ सेंटीमीटर. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो, म्हणून ४५ गुणिले १२ असा हिशेब केला आणि लांबी ५४० सेंटीमीटर आली. हा आकडा पत्रात लिहिलाच पाहिजे, कारण तो नसेल तर गवंडी पायऱ्यांवरच सिमेंट ओतून उतार करतो. या शाळेतही दोन मीटरच्या उताराची सूचना आली होती. इतक्या तीव्र चढावर मूल स्वतः चाके फिरवू शकत नाही आणि खुर्ची मागे कलंडण्याचा धोका असतो. समोर साडेपाच मीटर जागा नव्हती, म्हणून व्हरांड्याच्या भिंतीला समांतर रॅम्प सुचवला. रुंदी १२० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर दाराशी १५० सेंटीमीटरची सपाट जागा, म्हणजे दार उघडेपर्यंत खुर्ची घरंगळत नाही.

स्वच्छतागृहाच्या चौकटीची रुंदी ६० सेंटीमीटर होती, पण दार आत उघडून फळी मध्ये येत असल्याने प्रत्यक्षात ५५च मिळत होती. खुर्ची ५८ सेंटीमीटरची होती. दोन लगतच्या खोल्यांमधील भिंत काढून एक मोठी खोली करावी, ९० सेंटीमीटरचे दार बाहेर उघडणारे असावे आणि आत खुर्ची वळवायला १५० सेंटीमीटर मोकळी जागा राहावी, असे त्यांनी लिहिले. बसण्याचे भांडे, भिंतीला घट्ट बसवलेले आधार-दांडे, हात पोहोचेल असा नळ व कडी आणि नळीचे साहित्य ठेवायला एक फळी, याही गोष्टी नोंदवल्या.

आजाराचा किती तपशील द्यावा, यावर आम्ही बराच वेळ बोललो. पत्र लिपिक, कार्यकारिणी, शाळा व्यवस्थापन समिती अशा अनेक हातांतून जाते आणि मुलीला त्याच गावात वाढायचे आहे. अखेर पत्रात हा परिच्छेद गेला : "वैद्यकीय कारणास्तव माझ्या मुलीला शालेय वेळेत किमान एकदा, दुपारी दीडच्या सुमारास, बंद दाराआड सुमारे पंधरा मिनिटे स्वच्छतागृह वापरावे लागते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र स्वतंत्र पाकिटात आपल्याला देत आहे. ते आपल्यापुरतेच ठेवावे, ही विनंती." नळीविषयी आईने मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकांना समक्ष सांगितले.

मागणीचे दोन भाग केले. बांधकामाला महिने लागतात, म्हणून लगेच आणि विनाखर्च होऊ शकणारी गोष्ट वेगळी मांडली : पहिल्या मजल्यावरचा तिसरीचा वर्ग तळमजल्यावर आणावा आणि बांधकाम होईपर्यंत कोणी मदत करायची, ती व्यक्ती ठरवून द्यावी. "तोपर्यंत मी रोज येईन" असे वाक्य आईने लिहिले होते, ते मी काढायला लावले. असे आश्वासन लेखी दिले की बांधकामाची निकड सगळ्यांना कमी वाटू लागते, आणि आईची सोय हीच कायमची व्यवस्था होऊन बसते.

पत्र आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला आणि एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना दिली. दाखल्याचा विषय कोणी काढला नाही. मुख्याध्यापकांनी आधी विचारले, "एका मुलीसाठी एवढे?" आईने शांतपणे सांगितले की दरवर्षी यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत शाळेला रॅम्प आणि दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाबद्दल उत्तर द्यावेच लागते. वर्ग आठवडाभरात खाली आला, दिवाळीच्या सुट्टीत रॅम्प झाला. स्वच्छतागृह जूनमध्ये तयार झाले, पण पाणी बाहेर येऊ नये म्हणून गवंड्याने दारात पाच सेंटीमीटरचा उंबरा घातला होता आणि खुर्ची त्यावर अडली. सुदैवाने शेवटचे बिल दिलेले नव्हते, म्हणून उंबरा फोडून जमिनीला आतल्या बाजूला हलका ढाळ दिला गेला.

आपल्या पत्रात हे वाक्य आधीच घाला : "काम पूर्ण झाल्याचे मान्य करण्यापूर्वी माझ्या मुलीच्या खुर्चीने प्रत्यक्ष चाचणी घ्यावी आणि स्वच्छतागृहाच्या खोलीचा वापर सामान ठेवण्यासाठी करू नये." पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. त्यानंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथेही दाद लागली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तेथे शिक्क्याची ती प्रत आणि आपण घेतलेली मापे सोबत जोडा.