पेपर उद्या, स्लाइडा १२६

"सर, उद्या दुपारी फार्माकॉलॉजीचा पेपर हाय, टीबीच्या औषधांची पीपीटी १२६ स्लाइडची अन् मला सगळंच इम्पॉर्टंट वाटायलंय. सोडू काय अन् ठेवू काय?"

लातूरला रूम करून नर्सिंग करणाऱ्या एका पोरीचा हा फोन संध्याकाळी सातला आला. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) तिनं प्रिंट काढून हायलायटर फिरवला होता आणि नव्वद स्लाइडा पिवळ्या झाल्या होत्या, म्हणजे निवड काहीच झाली नव्हती, नुसता रंग लावला होता.

मी म्हणलं, आता वाचू नको, आधी नुसतं वेगळं करायचं. मागच्या चार-पाच प्रश्नपत्रिका बाजूला ठेव, स्लाइडचं फक्त टायटल बघ आणि पेन्सिलनं कोपऱ्यात १, २ नाहीतर ३ टाक. एका स्लाइडला दहा सेकंद, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत सगळी पीपीटी उरकते. १ टाकायला एकच अट, ज्या प्रश्नाचं उत्तर ती स्लाइड देते तो प्रश्न तुला एका ओळीत लिहिता आला पाहिजे. नाही आला तर ती २, आणि आज रात्री सोडूनच द्यायची ती ३. आणि १ नंबर एक-चतुर्थांशाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, नाहीतर पुन्हा सगळं पिवळंच.

अर्ध्या तासानं तिनं फोटो पाठवले. ३ मधे गेलं ते टायटल, अनुक्रमणिका, रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला जंतू जाहीर केला तो इतिहास, औषधांचे केमिकल स्ट्रक्चर, परदेशातल्या ट्रायलचे ग्राफ आणि तेच तेच पुन्हा सांगणाऱ्या रिकॅपच्या स्लाइडा, सगळ्या मिळून ५५. २ मधे औषध जंतूवर कसं काम करतं ते, आणि शेवटची बेडाक्विलिनवाली रेझिस्टंट टीबीची स्लाइड, अशा ४०. उरल्या ३१, त्यात आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही चार नावं, आधी दोन महिने चारही, मग चार महिने पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन, आणि साइड इफेक्ट. बरोबर जमलं होतं.

एक चूक मात्र मला दिसली. एका स्लाइडवर नुसते लाल-हिरवे ठिपके असलेलं गोल चित्र होतं, एक ओळ पण मजकूर नाही, म्हणून तिनं ३ टाकला होता. मी विचारलं, हे कोणत्या औषधाच्या शेजारी आहे? बघितलं तर इथॅम्ब्युटॉल. ते औषध डोळ्याच्या नसेला त्रास देतं, पेशंटला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येईनासा होतो, म्हणून ते चित्र दाखवून तपासतात. प्रश्न तयार झाला, स्लाइड १ मधे गेली, आणि बदल्यात तिनंच एक आकडेवारीची स्लाइड १ मधून काढली. चित्राची, टेबलाची स्लाइड मोकळी दिसते म्हणून लोक टाकून देतात, पण उलट असतंय, मजकूर कमी म्हणजे सरांनी वर्गात तोंडी जास्त सांगितलेलं असतं.

मग वाचायला बसवलं. ३१ स्लाइडांना तीन-तीन मिनिटं, म्हणजे दीड तास. त्यानंतर पीपीटी बंद करून कोऱ्या कागदावर चार औषधं, प्रत्येकाचा एक त्रास आणि नर्सनं पेशंटला काय सांगायचं हे लिहायला लावलं. रिफॅम्पिसिन तिनं पटकन लिहिलं, लघवी नारिंगी होते, घाबरू नका, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो म्हणून दुसरा उपाय वापरा. आयसोनियाझिडला हातापायाला मुंग्या आणि त्यावर बी६, हे पण आलं. पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल मात्र दोनदा उलटेपालटे झाले, युरिक अॅसिड वाढून सांधे दुखणं तिनं इथॅम्ब्युटॉलला चिकटवलं. म्हणून त्या दोनच स्लाइडा सकाळी पुन्हा बघायच्या ठरल्या, अख्खी पीपीटी नाही. २ च्या ४० स्लाइडांना रात्री एक-एक मिनिट, साडेदहाला झोप.

हे सगळं चालतं ते वर्गात एकदा तरी ऐकलेल्या विषयाला, हे तिला पण सांगितलं. ज्यानं पीपीटी पहिल्यांदाच उघडली त्याला टायटल बघून काय कळणार? आणि ३ नंबर फक्त त्या रात्रीपुरता, पुढं वॉर्डात ड्यूटी लागल्यावर २ मधलं बरंच लागतं.

पेपर झाल्यावर फोन आला तेव्हा आवाज जरा पडलेला होता, बेडाक्विलिनवर पाच मार्कांची टीप आली होती. तिला एवढंच आठवलं की रेझिस्टंट टीबीला देतात आणि ईसीजी बघत राहावं लागतं, तेवढं लिहून आली. म्हणलं, ते एका मिनिटातलं होतं, दोनेक मार्क पडतील. बाकीचे प्रश्न बहुतेक ३१ मधलेच होते, पुढचा पेपर मायक्रोबायोलॉजी, पीपीटी ९४ स्लाइडची, ती म्हणली आत्ताच पेन्सिल घेऊन बसते.