.store ९९ रुपयांत मिळतंय, पण पुढच्या वर्षी?

प्रश्न: सांगलीत आमचा हळद पावडर आणि बेदाण्याचा छोटा धंदा आहे. वेबसाइटच्या नावाच्या शेवटी लावायचं .store ९९ रुपयांत मिळतंय, .in आणि .com महाग दिसतात. कुठलं घेऊ?

उत्तर: .in घ्या. मी पण सांगलीचाच, आणि हीच चूक आमच्या घरी झालीय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मेव्हण्याने मसाल्याच्या दुकानासाठी असंच ९९ ला .store घेतलं. पाकिटांवर, बिलावर, टेम्पोवर सगळीकडे तेच नाव छापून घेतलं आणि वर्षाने रिन्यूअलचं बिल आलं ३,६०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. तोवर गिऱ्हाइकांना नाव पाठ झालेलं, सोडता येईना. पाच वर्षांचा हिशोब मांडला तर ९९ अधिक चार वेळा ३,६०० म्हणजे १४,४९९. नाव जिथून विकत घेतलं त्याच साइटवर .in पहिल्या वर्षी ४९९ आणि पुढे दरवर्षी ७९९ होतं, म्हणजे पाच वर्षांचे ३,६९५, दोन्ही जीएसटी सोडून. विकणारा बदलला की दर थोडे बदलतात, पण .store, .online असल्या नावांत पहिलं वर्ष स्वस्त आणि पुढचं महाग हा प्रकार नेहमीचाच आहे.

बघायचं कसं तर कार्टमध्ये टाकल्यावर मुदत एक वर्षाऐवजी पाच वर्षं करा, खरा आकडा लगेच समोर येतो. काही नावांवर प्रीमियम असं लिहिलेलं असतं, तिथे रिन्यूअलही कायम चढ्या दराने लागू शकतं, ते विचारून घ्या.

.in हा भारताचा कंट्री कोड, तो निक्सी ही संस्था चालवते. कंपनी रजिस्टर असायला पाहिजे अशी अट नाही, साध्या दुकानदारालाही मिळतो, फक्त नाव-पत्ता खरा द्यावा लागतो आणि केवायसीची कागदपत्रं मागतात. .com मध्ये मालकाची माहिती झाकून ठेवायची प्रायव्हसी सर्व्हिस मिळते, तशी .in ला चालत नाही. दुकानाचा पत्ता तसाही पाटीवर असतोच, त्यामुळे तुम्हाला त्याने फरक पडू नये. दुसऱ्या देशांचे कोड घेताना मात्र नियम आधी वाचा, .eu साठी युरोपियन युनियनशी रहिवासाचा किंवा नागरिकत्वाचा संबंध लागतो, ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या बऱ्याच लोकांचे .eu त्यामुळेच गेले. .co कोलंबियाचा आहे, नियमाची अडचण नाही पण फोनवर सांगितलं की माणूस हमखास .com टाइप करतो.

बेदाणा बाहेरच्या देशात पाठवायचा विचार असेल तर .com पण घेऊन ठेवा आणि .in वर वळवा. आणि हो, वेबसाइट करणाऱ्या पोराला त्याच्या अकाउंटमधून घ्यायला सांगू नका, नोंद तुमच्या नावाने आणि तुमच्याच ईमेलवर पाहिजे, रिन्यूअलची आठवण त्याच ईमेलवर येते.