रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर डॉमिनंट आहे म्हणतात, मग दोन हिट, म्हणजे जीनच्या दोन्ही कॉपी बिघडणं, कशाला लागतं? आणि पेशीला वाढायला सांगणाऱ्या रास जीनला एकच म्युटेशन कसं पुरतं?

दोन्ही खरंय, फक्त एक गोष्ट घराण्याबद्दल आहे आणि दुसरी पेशीबद्दल. समजा बाळाला वडिलांकडून आरबी-१ जीनची (तेराव्या क्रोमोसोमवर असतो हा) बिघडलेली कॉपी आली. म्हणजे पहिली हिट जन्मापासूनच अंगातल्या प्रत्येक पेशीत आहे, पण आईकडची चांगली कॉपी प्रोटीन बनवतेय तोवर पेशीला काहीच होत नाही, म्हणून पेशीच्या पातळीवर हे रिसेसिव्हच. गंमत पुढे आहे. रेटिना तयार होताना लाखो पेशी विभागत असतात, आणि दुसरी कॉपी जाण्याचा चान्स एकेका पेशीत अगदी नगण्य असला तरी एवढ्या पेशींत कुठेतरी ते होतंच, म्हणून घराण्यात आजार डॉमिनंटसारखा दिसतो.

आल्फ्रेड न्युडसन या अमेरिकन डॉक्टरने १९७१ मध्ये ४८ केसेसवरून हेच मांडलं, तेव्हा हा जीन कुणी पाहिलाही नव्हता. दोन्ही डोळ्यांत ट्यूमर असलेली मुलं लवकर सापडत होती, आणि वयानुसार ग्राफ काढला तर एकाच घटनेची वाट बघावी तशी सरळ रेघ येत होती. एकाच डोळ्यातल्या केसेस उशिरा सापडत होत्या, कारण वारसा नसलेल्या मुलात दोन्ही हिट एकाच पेशीत, एकीनंतर एक व्हाव्या लागतात. त्याच्या हिशोबाने वारसा असलेल्या मुलात सरासरी ३ ट्यूमर होतात, आणि सरासरी ३ असेल तर साधारण ५ टक्के मुलांत नशिबाने एकही होणार नाही. म्हणूनच कधी कधी आजी आणि नातवाला होतं, मधले वडील मात्र ठणठणीत.

दुसरी हिट बऱ्याचदा नवीन म्युटेशन नसतेच. पेशी विभागताना चांगल्या कॉपीचा तुकडाच हरवतो आणि त्या जागी बिघडलेलीच डबल होते. बाळाच्या रक्तात त्या भागाचे मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, दोन प्रकारचे दिसतात, ट्यूमरमध्ये एकच, १९८३ मध्ये हे असंच पकडलं गेलं.

रासचं उलट आहे. बाराव्या कोडॉनमध्ये GGC चं GTC झालं की ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन येतं, प्रोटीनला जीटीपी तोडून स्वतःला बंद करता येत नाही आणि ते चालूच राहतं. शेजारची चांगली कॉपी त्याला बंद करू शकत नाही, म्हणून त्या जीनपुरती एकच हिट पुरते (पूर्ण कॅन्सरला पुढे अजून बदल लागतातच). आरबीमध्ये काम जातं, रासमध्ये नको तेवढं वाढतं, एवढ्या एका फरकावरून बाकी सगळं ठरतं.

एक मात्र लक्षात ठेवा, एकाच डोळ्यात आहे म्हणजे वारशाचा नाही असं धरू नका, अशा सुमारे १५ टक्के मुलांतही पहिली हिट जन्मजात असते. ट्यूमर मिळाला तर त्यातल्या दोन्ही हिट शोधतात आणि मग त्यातली एखादी रक्तात आहे का बघतात. सापडली तर आईवडिलांची टेस्ट करतात आणि धाकट्या भावंडांचे डोळेही लगेच तपासून घेतात.